तुळशीचं लग्न झालं की तारखा मोकळ्या? यंदा गुरू सिंहेत आहे

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): यंदा २५ जुलैच्या आषाढीपासून २० नोव्हेंबरच्या कार्तिकीपर्यंत लग्नं बंद. घरचे म्हणतात, तुळशीचं लग्न लागलं की कोणतीही तारीख धरा. महाराज म्हणतात, गुरू सिंहेत आहे, जानेवारी जाऊ द्या. हॉलवाल्याला विसार आताच पाहिजे. कोणाचं ऐकायचं? अन् हे चार महिने थांबायचं तरी काऊन?

कास्तकार, वर्धा: देवाबिवाचं निमित्त आहे राजेहो. पावसाळ्यात निंदण-डवरणी, नाले भरलेले, वरात अडकली तर जेवण वाया. म्हणून जुन्या लोकांनी बंदी घातली. आता डांबरी रोड अन् हॉल आहेत, बंदीही जावी.

पोथीवाला, अमरावती: दादा, हे अर्धंच खरं. शेतीचंच कारण असतं तर लग्नं कापूस वेचणीत का धरतो आपण? तेव्हा तर मजूर सापडतच नाही. कन्यादान करताना वर विष्णुरूप मानला जातो, आणि विष्णू एकादशीला निजतो, असा त्याचा धागा आहे. म्हणून उठल्यावर पहिलं लग्न त्याचंच, तुळशीशी. यंदा ते द्वादशी ते पौर्णिमा, म्हणजे २१ ते २४ नोव्हेंबर. मुदतही दरवर्षी सारखी नसते. २०२३ मध्ये अधिक श्रावण चातुर्मासातच आला, तर २९ जून ते २३ नोव्हेंबर असे जवळपास पाच महिने गेले. यंदा अधिक ज्येष्ठ आधीच होऊन गेला, म्हणून आषाढी इतकी उशिरा आली, पण चातुर्मास चारच महिन्यांचा राहिला.

आता महाराजांचं. गुरू ३१ ऑक्टोबरला सिंहेत जातो. मुहूर्तग्रंथात गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंत सिंहस्थात विवाह वर्ज्य सांगितला आहे. विदर्भ अख्खा त्यातच येतो. पण गुरू वक्री होऊन २५ जानेवारीच्या सुमारास परत कर्केत जातो आणि जूनअखेरपर्यंत तिथंच राहतो. म्हणजे अडचण नोव्हेंबरअखेर ते जानेवारीअखेर एवढीच आहे.

सिरोंचा: मग आमच्या नदीपलीकडच्या सोयऱ्यांना चालते अन् आम्हाला नाही? गोदावरीच्या दोन काठांवर दोन नियम!

पोथीवाला, अमरावती: तिथं बारकावा आहे. मघाचे चार आणि पूर्वा फाल्गुनीचा पहिला, हे पाच चरण सगळीकडेच निंद्य सांगितले आहेत. यंदा हिवाळ्यात गुरू मघाच्या पहिल्याच चरणात घुटमळतो, तेव्हा पलीकडेही सुटका नाही. पुढच्या चरणांत मात्र काठाचा फरक पडतो.

मास्तर, अकोट: ग्रंथ बरोबर असतील, व्यवहार बघा. २०१५ च्या जुलैपासून २०१६ च्या ऑगस्टपर्यंत गुरू सिंहेतच होता. त्या वर्षी वऱ्हाडात मांडव पडले नाहीत काय? गावोगाव लग्नं लागली. पंचांगात तारखेखाली सिंहस्थाची टीप आहे का, ती वाचा. तारीख छापली आणि टीप नसली, तर आमच्या मते धरायला हरकत नाही.

पोथीवाला, अमरावती: लग्नं लागली म्हणून नियम गेला असं होत नाही. पंचांगकर्ते आपसात एकमत नाहीत, हे मान्य. म्हणून घरच्यांनी एकच पंचांग ठरवावं. दोन्हीकडचे दोन काढून बसले की भांडणच.

नवीन सभासद: माझ्या बहिणीचं साक्षगंध सप्टेंबरमध्ये ठरलं आहे. चातुर्मासात होत नाही का मग?

मास्तर, अकोट: साक्षगंध म्हणजे विवाह नाही. फक्त पितृपक्ष टाळतात, तेवढं पाहा.

गोंदिया: आणखी एक. सोयरे बालाघाट-छिंदवाड्याकडचे असले तर आधीच विचारून घ्या. त्यांच्याकडे १६ डिसेंबर ते १४ जानेवारी सूर्य धनूत असताना लग्न करत नाहीत. मराठी पंचांगात मात्र डिसेंबरअखेरच्या तारखा अनेकदा असतात. विसार दिल्यावर हे कळलं की पैसे हॉलवाल्याकडेच राहतात.

मंगल कार्यालय, वरोरा: तारखेपेक्षा वेळ जास्त चुकते, तेही सांगतो. गोरज मुहूर्त सूर्यास्ताशी बांधलेला असतो. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आपल्याकडे साडेपाचच्या आसपास. कॅलेंडरातला मुंबईचा सूर्यास्त धरून पत्रिकेवर ‘गोरज, सायं. ६’ छापलं की आपल्याकडे अंधार पडलेला असतो अन् गोरज निघून गेलेली. तिथी किती वाजता संपते ते देशभर एकच, पण लग्नरास, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि सूर्यास्त गावागावाचा वेगळा. पत्रिका छापायच्या आधी गुरुजींना गावाचं नाव सांगा, ‘नागपूरकडे’ म्हणू नका.

कास्तकार, वर्धा: म्हणजे २५ नोव्हेंबरनंतर धरायची की फेब्रुवारीत? मी तर अजूनही नोव्हेंबरच म्हणतो. फेब्रुवारीत हरभरा काढायला येते.

पोथीवाला, अमरावती: आणि मी फेब्रुवारी. आर्णीवाल्यांनो, मुलीकडचे कोणतं पंचांग मानतात ते आधी विचारा, मग विसार द्या.