मदत हवी आहे: दोन आकडे उलटे पडले, ३४९ चा रिचार्ज परक्या नंबरवर

काल संध्याकाळी यूपीआय ॲपमधून प्रीपेड रिचार्ज केला. शेवटी ६८ ऐवजी ८६ पडले. स्टेटस ‘सक्सेसफुल’ आहे आणि ऑपरेटरचा रेफरन्स नंबरही आलाय, म्हणजे पैसे कंपनीकडे पोचलेत. त्यामुळे ॲपवाले हात वर करणार हे उघड आहे.

खात्यातून पैसे कापले जाऊन रिचार्जच झाला नसता तर चिंता नव्हती. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानदाराला किंवा कंपनीला यूपीआय पेमेंटची खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. इथे व्यवहार पूर्ण झाल्याने तो लागू नाही. बँकेत तक्रार करूनही उपयोग नाही.

कस्टमर केअरला तारीख, वेळ, दोन्ही नंबर, रेफरन्स नंबर आणि बँकेचा १२ आकडी यूटीआर देऊन तक्रार क्रमांक घेतलाय. आता विचारायचंय ते असं: समोरच्याचा आधीचा प्लॅन चालू असून नवा नुसता रांगेत असेल, तर कंपनी तो काढून योग्य नंबरवर टाकते का? नकार आल्यावर अपील करून कुणाला पैसे परत मिळालेत का? त्या नंबरवर फोन करून विनंती करावी, की नको?