एकाच गिऱ्हाइकाला दोघांची उत्तरं: मेल आधी वाटून घ्यायचे की सूचनेवर भागतं?

धनश्री: महाद्वार रोडला आमचं चपलांचं दुकान आहे, ऑर्डरी मेलवरही येतात. तिघं एकच जीमेल वापरतो. परवा एका बाईंना 7 नंबरचा जोड बदलून 8 हवा होता. मी 11.10 ला "पाठवा, बदलून देतो" लिहिलं आणि 11.14 ला सुजितनं "सवलतीतला माल बदलत नाही" कळवलं. बाईंनी दोन्ही उत्तरांचा फोटो पाठवला! हे थांबवायचं कसं?

प्रसाद: फ्रेशडेस्कसारखं गिऱ्हाइकांचे मेल सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. तोच मेल दुसऱ्यानं उघडलाय, उत्तर लिहितोय, हे समोर दिसतं. विषय संपला.

वैशाली: संपत नाही. दोघं एकाच वेळी एकाच मेलवर असले तरच ती सूचना कामाची. धनश्रीताई, मेल एक होता की दोन?

अण्णा (गुळाचं दुकान): आमच्यात व्हॉट्सॲप चार ठिकाणी जोडलंय. पोरगं उत्तर देतंय, मीबी देतोय. निळी टिक बंद केली तरी फरक न्हाई.

वैशाली: अण्णा, निळ्या टिकेचा इथं संबंध नाही. ती गिऱ्हाइकाला दिसते, तुमच्या पोराला नाही.

धनश्री: आत्ता बघितलं. मेल दोन होते. पहिला 10.50 चा. उत्तर येईना म्हणून 11.05 ला नवा विषय टाकून दुसरा. मी पहिल्याला उत्तर दिलं, सुजितनं दुसऱ्याला.

वैशाली: म्हणजे प्रसादची सूचना इथं वाजलीच नसती, दोघं वेगवेगळ्या मेलवर होतात. तिघांच्या नावाची लेबलं करा. मेल घेणाऱ्यानं आधी आपलं लेबल लावायचं, मगच लिहायला बसायचं. आणि लेबल लावण्याआधी त्या पत्त्यावरचा आठवड्याचा व्यवहार शोधायचा, आलेला आणि गेलेला दोन्ही:

```
{from:grahak@example.com to:grahak@example.com} newer_than:7d
```

सुजितनं हे केलं असतं तर पहिला मेल तुमच्या लेबलासकट दिसला असता, आणि दुसराही तुमच्याकडेच आला असता. दोघांनी एका क्षणी लेबल लावलं तर पान ताजं केल्यावर दोन्ही नावं दिसतात. तेव्हा कुणी मागं सरायचं ते आधीच ठरवा.

प्रसाद: आणि लेबल लावून माणूस जेवायला गेला की? आमच्याकडं "माझा मेल" म्हणून दीड दिवस पडून राहिलेले आहेत. दोन उत्तरं परवडली, शून्य नको.

वैशाली: हे मात्र खरं. जागेवरून उठताना उत्तर न दिलेल्या मेलची लेबलं काढायची, एवढंच मला सुचतं. माणूस ते विसरतो, हेही मान्य.

प्रसाद: मग सॉफ्टवेअरच बरं. वेळ संपली की मेल आपोआप मोकळा करायचा नियम लावता येतो.

वैशाली: तिघांच्या दुकानाला दरमहा माणशी पैसे? आधी महिनाभर लेबलं चालवून बघा की.

धनश्री: सुजित म्हणतोय, शोधत बसलो तर दिवसाचे मेल संपणार कधी. आणि बाईंना काय कळवू, बदलून देतो की नाही?

अण्णा: पहिलं उत्तर तुमचं गेलंय न्हवं? द्या बदलून.