विषय: योम किप्पूर आणि माझी साबुदाण्याची खिचडी

मीनल, २५ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,
शेजारच्या ज्यू मैत्रिणीला मी दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, जेवायला बोलावलं. ती म्हणाली, त्या दिवशी योम किप्पूर आहे, उपास असतो. मी लगेच म्हटलं, "अरे वा, हॅपी योम किप्पूर! मग मी साबुदाण्याची खिचडी आणून देते." ती हसली, पण जरा वेळाने. काहीतरी चुकलंय एवढं कळलं. आता काय म्हणू? आणि सोनं द्यायला जाऊ का?

---

सुधाकर

मीनल, योम किप्पूर म्हणजे त्यांचा दुखवट्याचा दिवस. आपण सुतक असलेल्या घरी शुभेच्छा देतो का? काही बोलूच नकोस. आणि त्यांचंही पंचांग चांद्र असल्यामुळे हा दिवस दरवर्षी दसऱ्यालाच येतो. गेल्या वर्षीही दोन्ही १२ ऑक्टोबरलाच होते. लक्षात ठेवायला सोपं.

---

वर्षा

दसऱ्याच्या हॉलचं काय ठरलं? उपासाचे किती जण, हे कळलं तर त्यांची भगर वेगळी करीन.

---

रूबेन

मीनलताई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, म्हणून थोडं सांगतो.

वर्षाताई, या उपासाला भगर नाही, पाणीसुद्धा नाही. बुधवारी सूर्यास्ताला सुरू होतो तो गुरुवारी रात्र पडल्यावर सुटतो, जवळजवळ २५ तास. खिचडीचं म्हणूनच तिला हसू आलं असेल.

सुधाकरकाका, दुखवटा नव्हे. वर्षभरातल्या चुकांचा हिशोब देऊन क्षमा मागायचा दिवस आहे. गंभीर आहे, पण अशुभ नाही. त्यामुळे "हॅपी" चालत नाही, तसं अगदी गप्प बसायचीही गरज नाही. हिब्रूत "गमार खतिमा तोवा" म्हणतात, म्हणजे तुमच्या नावावर चांगलाच शिक्का बसो. जीभ वळत नसेल तर इंग्रजीत "हॅव अ मीनिंगफुल फास्ट" म्हणा. पण मुद्दा असा की हे उपास करणाऱ्यालाच म्हणायचं. तुमच्या मैत्रिणीने स्वतःच सांगितलं, म्हणून तिला चालेल. एरवी बरेच ज्यू उपास करत नाहीत, काहींना आजारपणामुळे करता येत नाही. त्यांना "उपास आहे ना?" विचारलं की उगाच खुलासा द्यावा लागतो. तिथे "उद्याच्या दिवसासाठी तुझी आठवण आहे" एवढं पुरतं.

आणि जे काही म्हणायचं ते बुधवारी दिवसाउजेडी म्हणा. काटेकोर पाळणारे त्यानंतर फोनला हात लावत नाहीत.

दसऱ्याचं म्हणाल, तर यंदा आणि गेल्या वर्षी जुळलं, कारण आश्विन आणि तिश्री हे महिने एकाच अमावस्येनंतर सुरू झाले. पण २०२३ला आपल्याकडे अधिक श्रावण होता, तेव्हा जवळजवळ महिन्याचा फरक पडला. पुढच्या वर्षीही योम किप्पूर २१ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला आहे. तेव्हा दसऱ्याच्या भरवशावर तारीख धरू नका.

---

मीनल

रूबेनदादा, आभार. मग खिचडीबद्दल माफी मागू का, की विषयच काढायला नको? आणि बुंदीचे लाडू घरचे, साजूक तुपातले. उपास सुटल्यावर ते तरी चालतील?

---

रूबेन

माफी बिनधास्त मागा. योम किप्पूरच्या आधी एकमेकांची माफी मागायची पद्धतच आहे, त्यामुळे तिला ते ओळखीचं वाटेल. फक्त लांबण लावू नका.

लाडवांचं तिलाच विचारा. ती कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, पाळत असेल तर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं, मग ते शुद्ध शाकाहारी का असेना, तिला खाता येणार नाही. तुमच्याकडे मटण शिजत नाही हे सांगून उपयोग नाही, प्रश्न भांड्यांचाही असतो. पाळत नसेल तर डबाभर द्या. विचारायचा संकोच वाटत असेल तर न चिरलेली फळं न्या. डाळिंब उत्तम.

---

सुधाकर

अधिक मासाचं ध्यानात आलं नव्हतं. पण मला अजूनही वाटतं, त्या दिवशी तिच्या दारात सोनं घेऊन जाणं बरं नव्हे.

---

रूबेन

काका, त्या दिवशी नकोच, हे तुमचं पटलं. कोकणात आमचे जुने लोक योम किप्पूरला "दरफाळणीचा सण" म्हणत. पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचे, बाहेरच्या कोणाला शिवायचेही नाहीत. मात्र दुसरा दिवस "शिळा सण". त्या दिवशी दानधर्म करायचा आणि ओळखीपाळखीच्यांकडे जायचं. मीनलताईंची मैत्रीण अमेरिकन, तिला शिळा सण ठाऊक असायचं कारण नाही. पण ३ ऑक्टोबरच्या शुक्रवारी दुपारी गेलात तर अडचण नसावी. संध्याकाळी नको, शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागतो.

---

मीनल

शुक्रवारी दुपारी जाते. डाळिंबं आणि आपट्याची पानं. (इथे आपटा कुठे मिळतो, कोणाला माहीत आहे का? गेल्या वर्षी कागदाची कापली होती.)

---

वर्षा

कागदाची माझ्याकडे उरली आहेत. हॉलचं अजून कोणी सांगितलं नाही.