सारांश किती मोठा हवा?

> ‘४० पानी अहवालाचा सारांशही एक तृतीयांशच करायचा का?’

नाही हो. तो नियम परीक्षेतल्या छोट्या उताऱ्याचा. इथे तसं केलंत तर १३ पानं होतील, ती कोण वाचणार? शोधनिबंध ८ पानी असो की ३०, गोषवारा बहुधा दीडशे ते तीनशे शब्दांतच बसवतात.

आधी परिशिष्टं आणि तक्ते बाजूला काढा. मग निष्कर्ष नि शिफारशी किती, ते मोजा. समजा सहा निघाल्या. प्रत्येकीला कारणासकट दोन-तीन वाक्यं दिली की जेमतेम एक पान भरतं. कापताना ‘फक्त पहिल्या वर्षासाठी’ अशी एखादी अट गळली, तर मात्र कात्री जास्त चालली समजा. करारनाम्याला हा हिशेब लावू नका, तिथे अटी हाच मुख्य मजकूर.