मदत हवी आहे: नवीन ज्युनिअर एजंटसाठी कामाची मार्गदर्शिका सोमवारपर्यंत लिहायची आहे

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)
सांगलीत माझे घर-जागा व्यवहारांचे छोटे कार्यालय आहे. सोमवारपासून एक नवीन मुलगी कामावर येत आहे. लिस्टिंगची नोंद, घर दाखवणे, नंतरचा पाठपुरावा आणि नोंदी ठेवणे एवढे सांगणारी मार्गदर्शिका मला तिच्या हाती द्यायची आहे. मागील मुलाला मी सर्व तोंडी सांगितले होते आणि त्यातून एक ठरत आलेला व्यवहार मोडला, म्हणून या वेळी लेखी हवे. कोणाकडे तयार असल्यास कृपया लगेच द्यावे.

मिरजवेस
सर्वप्रथम तिची महारेरा नोंदणी करून घ्या. नोंदणीशिवाय तिने कोणालाही एकही घर दाखवणे बेकायदेशीर आहे.

जुना_दस्त
हे अर्धेच खरे आहे. नोंदणी लागते ती महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातील विक्रीसाठी, आणि 2023 पासून त्याकरिता प्रशिक्षण व परीक्षाही आहे. वीस वर्षे जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही. कृष्णाकाठ, तुमचे काम पुनर्विक्रीचे आहे की नवीन प्रकल्पांचे? आणि मोडलेल्या व्यवहारात नेमके काय घडले, ते सांगितल्याशिवाय मार्गदर्शिकेत काय हवे हे कसे कळणार?

कृष्णाकाठ
बहुतेक पुनर्विक्री, थोडे भाड्याचे. मालकाने फ्लॅट 980 फूट आहे असे सांगितले आणि मुलाने ‘क्षेत्रफळ 980’ असे नोंदवले. ग्राहकाने ते कार्पेट समजून भाव मान्य केला. दुसऱ्या भेटीत त्याचे मेहुणे टेप घेऊन आले आणि त्यांचे माप 710 च्या आसपास भरले. आम्ही फसवत आहोत असेच त्यांना वाटले.

जुना_दस्त
मग तुमची मार्गदर्शिका याच रकान्यापासून सुरू करा. ‘क्षेत्रफळ’ असा एकच रकाना ठेवू नका. मालकाने तोंडी सांगितलेला आकडा, दस्तातील आकडा आणि आपण मोजलेला आकडा असे तीन वेगळे ठेवा, व प्रत्येकापुढे तो कार्पेट, बिल्टअप की सेलेबल हे लिहिणे सक्तीचे करा. तुमच्या दस्तात काय होते?

कृष्णाकाठ
आत्ता पाहिले. कार्पेट 68 चौरस मीटर.

जुना_दस्त
68 ला 10.764 ने गुणले की सुमारे 732 फूट येतात. म्हणजे 980 हा जिना व सामाईक जागा धरून सांगितलेला सेलेबल आकडा असणार. आता 732 आणि 710 मधील फरक. रेराच्या व्याख्येत आतल्या खोल्यांमधील भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि स्वतंत्र बाल्कनी धरत नाहीत. मेहुण्यांनी प्रत्येक खोली आतून मोजून बेरीज केली असल्यास भिंतींची जागा सुटली, आणि एवढा फरक त्यातूनच पडू शकतो. ही गोष्ट मुलीला समजलेली असेल, तर ती टेप पाहून गोंधळणार नाही.

शेतजमीन_सातारा
माझा अनुभव असा की गुंठा 1089 फुटांचा असतो, पण बोलण्यात हजार धरतात. कोडोलीच्या प्लॉटवर माझा यावरूनच वाद झाला. सातबारा पाहिल्याशिवाय नोंद करूच नये.

जुना_दस्त
प्लॉटसाठी ते योग्यच आहे, परंतु येथे प्रश्न फ्लॅटचा आहे.

गावभाग_सौ
सांगलीत लिस्टिंगमध्ये आणखी एक रकाना हवाच: 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते. तिसऱ्या मजल्याचा मालक प्रामाणिकपणे ‘आमच्या घरात पाणी नव्हते’ असे सांगतो, पण पार्किंग, वीज मीटर आणि लिफ्टची मोटर पाण्यात गेलेली असते. घर दाखवण्याच्या आदल्या दिवशी तिने एकटीने जाऊन वॉचमनला विचारावे आणि जिन्याच्या भिंतीवरील डाग पाहावेत. ग्राहकासमोर प्रथमच हा प्रश्न निघाला, तर उत्तर खरे असूनही लपवल्यासारखे वाटते.

कृष्णाकाठ
हे माझ्या लक्षातच आले नव्हते, आभारी आहे. पाठपुराव्याचे काय लिहू? मी दर दोन दिवसांनी फोन करण्यास सांगत असे.

मिरजवेस
रोज करावा. दोन दिवसांत ग्राहक दुसऱ्या एजंटकडे जातो.

जुना_दस्त
मी दिवस ठरवत नाही. भेट संपल्यावर त्याच संध्याकाळी ग्राहकाचे नेमके शब्द लिहून घ्यायला लावतो. ‘आवडले नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘स्वयंपाकघराला पश्चिमेचे ऊन येते, आईला चालणार नाही’ असे लिहिले असेल, तर पुढचा फोन पूर्वेच्या स्वयंपाकघराचे घर मिळाल्यावरच करायचा असतो. फोनची तारीख त्या नोंदीतून ठरते.

गावभाग_सौ
आणि घर दाखवण्याआधी व्हिजिट स्लिपवर ग्राहकाची सही, तारीख व वेळेसह. अन्यथा मालक आणि ग्राहक परस्पर व्यवहार करतात.

मिरजवेस
दारात सही मागितली की सांगलीचा माणूस दुखावतो. आदल्या रात्री पत्ता व वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘हो’ घ्यावे, तेवढे पुरते.

गावभाग_सौ
आमच्या एका व्यवहारात तेवढे पुरले नाही. ‘हो’चा संदेश ग्राहकाच्या मुलाच्या मोबाईलवरून आला होता आणि घर ग्राहकाच्या पत्नीच्या नावे घेतले गेले. स्लिपवर कुटुंबातील सर्वांची नावे असती, तर आम्हाला काही बोलता आले असते.

कृष्णाकाठ
सध्या आमच्या नोंदी वहीत आहेत. क्षेत्रफळाचे तीन रकाने आणि पुराचा रकाना आजच आखतो. स्लिपबाबत मात्र अजून ठरत नाही. सहीसाठी कागद पुढे केल्यावर खरोखर किती ग्राहक परत गेले, हे कोणी मोजले असल्यास सांगावे.