राजाश्रय, जोस्कँ आणि लाल रेघ

केतकी_ल: रेनेसाँ काळातल्या संगीतकारांच्या कारकिर्दीत आश्रयदात्यांचं स्थान, यावर 2000 शब्दांचा निबंध आहे. माझं मुख्य विधान: "राजाश्रयामुळे रेनेसाँ काळातल्या संगीतकारांची भरभराट झाली." सरांनी लाल रेघ मारून खाली "बरं, मग?" लिहिलंय. यात चुकीचं काय आहे? माहिती तर खरीच आहे ना!

खर्जातला_सा: खरी आहे हाच तर घोळ आहे. ज्याला कुणी नाही म्हणणारच नाही, ते दोन हजार शब्द खर्चून सिद्ध कशाला करायचं? असली वाक्यं वाचून डोकं फिरतं माझं. एकच दरबार धर. 1502, इटलीतलं फेरारा. ड्यूक एर्कोलेला चॅपेलसाठी, म्हणजे दरबारी गायकवृंदासाठी, रचनाकार हवाय. त्याचा माणूस जान दे आर्तिगानोवा पत्रात कळवतो की इझाक मनमिळाऊ आहे, नव्या रचना भराभर देतो, 120 डुकाटांत येईल. जोस्कँ त्याच्यापेक्षा सरस लिहितो, पण मनात आलं तर, सांगितलं म्हणून नाही. आणि मागतो 200. ड्यूकने घेतलं जोस्कँला! आता विधान कर: "एर्कोलेने जोस्कँला नेमलं ते हुकमी रचनांसाठी नव्हे, दरबाराची शान वाढावी म्हणून, म्हणूनच नामवंत रचनाकार मालकाशी घासाघीस करू शकत होते." याला कुणीतरी नाही म्हणेल. तेच हवंय.

तंबोरा_जुळेना: राजाश्रय म्हटलं की आमच्या कोल्हापूरकरांना शाहू महाराज आणि अल्लादियाखाँसाहेबच आठवणार. माझे आजोबा एका संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. "आश्रय" शब्द ऐकला की चिडायचे. म्हणायचे, हजेरी लागायची, उशीर झाला की पगार कापायचे, याला आश्रय म्हणतात होय? संस्थान विलीन झालं तशी वाद्यं गेली लिलावात.

खर्जातला_सा: खाँसाहेबांचा इथे काय संबंध? मुलीला निबंध लिहायचाय, आठवणी नाही.

तंबोरा_जुळेना: संबंध शब्दाचा आहे, जरा वाचा तरी. "राजाश्रय" लिहिलं की ड्यूक दाता आणि जोस्कँ याचक, हे विधानातच ठरून जातं. मग 200 डुकाटांची घासाघीस कुठे बसवणार? "नोकरी" लिहा.

खर्जातला_सा: नोकरी म्हटलं की महिन्याचा पगार डोळ्यांपुढे येतो. तिथे कित्येक गायकांना चर्चची उत्पन्नाची पदं मिळायची, काम न करता घरबसल्या. ती कसली नोकरी?

तंबोरा_जुळेना: सरकारी.

पाव_वाटी_ज्ञान: 😄 शब्दांवरून किती भांडाल? सरळ पुरावा घ्या ना. जोस्कँ 1503 मध्ये आला आणि वर्षभरात 1504 मध्ये निघूनही गेला. म्हणजे मालकाला भीक घातली नाही त्याने.

मीरा_पेठे: तारखा बरोबर, निष्कर्ष गडबडीचा. 1503 मध्ये फेरारात प्लेग आला. जोस्कँच्या जागी आलेला ओब्रेख्त 1505 मध्ये तिथेच प्लेगने वारला. तेव्हा जोस्कँचं जाणं हा बाणेदारपणाचा पुरावा ठरत नाही, जीव वाचवणंही असू शकतं. शिवाय तिथून तो काँदेला गेला, चर्चचा प्रमुख म्हणून, ते शेवटपर्यंत. म्हणजे मालक सोडला नाही, बदलला. मी हे शिकवते. दरवर्षी दोन-तीन मुलं हेच प्लेगवालं जाणं स्वातंत्र्य म्हणून लिहून आणतात.

केतकी, अजून एक खड्डा. "हर्क्युलिस दुक्स फेरारिए" हा मास, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीची गायनरचना, तुला हमखास घ्यावासा वाटेल, कारण हर्क्युलिस म्हणजे एर्कोलेच, आणि त्या लॅटिन नावातल्या अ, इ, उ, ए या स्वरांवरून "रे उत रे उत रे फा मि रे" अशी धून काढलीय. पण तो नेमका कधी लिहिला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो 1503 च्या नेमणुकीचं फळ म्हणून लिहिलास तर सर तिथेही रेघ मारतील. आणि खर्जातले, तुमच्या वाक्याचा शेवटचा तुकडा पत्र पेलत नाही. एका जोस्कँवरून "नामवंत रचनाकार" हे अनेकवचन कुठून आलं? त्याच पत्रातला इझाक स्वस्तात यायला तयार होता की!

खर्जातला_सा: बरं, अनेकवचन मागे घेतो. तुमचंच खरं, बाई. पण "शान"चा भाग सोडणार नाही. ड्यूकचा दुसरा माणूस, जिरोलामो दा सेस्तोला, कळवतो की जोस्कँ आला तर कुठल्याही राजाकडे नसेल असं चॅपेल आपलं होईल. याहून सरळ काय हवं?

मीरा_पेठे: ते हस्तकाचं मत झालं, ड्यूकचं मन नव्हे. पण 80 डुकाट जादा मोजले, तेवढं मानते.

केतकी_ल: असं लिहू का? "1502 च्या पत्रांवरून दिसतं की फेराराच्या दरबाराने हुकमी काम देणाऱ्या इझाकपेक्षा नाव असलेल्या जोस्कँसाठी जास्त पैसे मोजले, तेव्हा इथे राजाश्रय म्हणजे उपकार नव्हता, सौदा होता."

मीरा_पेठे: चालेल. आता दोन्ही पत्रं निबंधात आधी घे, प्लेग नंतर.

तंबोरा_जुळेना: अजून "राजाश्रय"च?

खर्जातला_सा: असू दे. उलट तोच शब्द आहे म्हणून "सौदा" चटका देतो.

तंबोरा_जुळेना: आजोबांना विचारायला हवं होतं.