मदत हवी आहे: लांब धावल्यावर वजन वाढतंय, पाणी किती कमी करू?

आमच्या गटातली एक जण रविवारी मरीन ड्राइव्हवर 3 तास धावते. घाम पुसून, ओले कपडे काढून वजन केलं: आधी 58.0, नंतर 58.6 किलो. मध्ये 3 लिटर साधं पाणी प्यायली, लघवीला गेली नाही. म्हणजे घाम गेला साधारण 2.4 लिटर, तासाला 800 मिली. शेवटी डोकं जड, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट. सगळे म्हणाले, ‘डिहायड्रेशन, अजून पाणी पी.’ पण वजन वाढलंय! हे रक्तातलं सोडियम पातळ होण्याचं लक्षण वाटतं, त्यामुळे पाणी थांबवलं. (गोंधळल्यासारखं बोलली असती तर थेट हॉस्पिटल.)

दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग तापलेलंच राहतं, म्हणून ती पीतच राहते.

आता तासाला 500 ते 600 मिली, तेही तहानेनुसार, आणि त्यातलं अर्धं ओआरएस, असं ठरवलंय. पाकीट पूर्ण 1 लिटरमध्येच. मात्र जास्त प्यायलं तर ओआरएसही वाचवत नाही.

ऑक्टोबरमध्ये घाम मोजून पिणाऱ्यांनी सांगा: एवढं पुरतं का? नंतर वजन किती उतरतं?